ठोक बाजारातून कापड घेताना या चुका टाळा: पन्ना, दोष आणि तुकड्यांचा भाव

अखाजी आणि लग्नसराई आटोपली की दुकानांतली गर्दी ओसरते. शिलाईकाम करणाऱ्यांनी ठोक खरेदीला निघायची हीच वेळ. कोणी जळगावचं फुले मार्केट गाठतं, कोणी धुळ्यात घेतं, नंदुरबारकडच्या कितीतरी जणी सकाळच्या गाडीने थेट सुरतला जातात. मीटरमागे दोन रुपये कमी करून घ्यायला सगळ्यांनाच जमतं. पैसे जातात ते दुसरीकडेच, आणि बहुतेक वेळा पन्न्यात.

चिठ्ठीवरचा पन्ना खरा मानणं

ताग्यावर ४४ इंच लिहिलेलं असतं. दुकानदारही म्हणतो, "ताई, चव्वेचाळीस पन्ना आहे, छापलेलाच आहे बघा." तो खोटं बोलत नसतो. पण ही रुंदी या काठापासून त्या काठापर्यंतची आहे. कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रात दोन्ही कडा पिनांनी धरलेल्या असतात. त्या पिनांच्या भोकांची ओळ काठाजवळ दिसते. छापील कापडात रंगही बऱ्याचदा काठापर्यंत पोचलेला नसतो. त्यामुळे टेप लावायची ती एका बाजूच्या भोकांच्या आतून दुसऱ्या बाजूच्या भोकांच्या आतपर्यंत, छपाई त्याच्याही आत संपत असेल तर छपाईपासून छपाईपर्यंत. कापड मेजावर सैल पसरा, ओढून धरू नका. तोंडाला, मध्ये कुठेतरी आणि शेवटाकडे असं तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा धरा.

एका इंचाने काय बिघडतं ते हिशेबाने पाहू. समजा लहान मापाच्या ४० कुर्त्या शिवायच्या आहेत. शिलाई धरून पुढचा आणि मागचा भाग घेराला प्रत्येकी २१ इंच रुंद आणि ४२ इंच लांब आहे. बाही १५ इंच रुंद, १७ इंच लांब. वापरता येणारा पन्ना ४२ असेल तर दोन्ही भाग शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्या खाली दोन्ही बाह्या. एकूण लांबी ५९ इंच, म्हणजे दीड मीटर. पन्ना ४१ निघाला तर एक भाग संपल्यावर दुसरा लावावा लागतो. बाह्या बाजूच्या पट्टीत निघतात, पण लांबी ८४ इंचांवर जाते, म्हणजे सुमारे २.१५ मीटर. ४० कुर्त्यांना ६० मीटरऐवजी ८६ मीटर कापड लागतं. ७० रुपये भावाने हा फरक १,८२० रुपयांचा आहे. मीटरमागे दोन रुपये सोडवून घेतले असते तर ६० मीटरवर १२० रुपये वाचले असते.

म्हणून घरून निघतानाच कागदावर मांडणी करून न्या आणि आपल्याला कमीत कमी किती पन्ना लागतो तो आकडा वर लिहून ठेवा. त्याहून अर्धा इंच कमी असलेला तागा कितीही स्वस्त मिळाला तरी त्या मापासाठी तो महागच पडतो.

लांबीची घडीही एकदा मोजा. ताग्याच्या घड्या मीटरच्या समजून मोजतात, पण कधी कधी घडी ९७-९८ सेंटीमीटरचीच असते. "फोल्ड किती?" असं सरळ विचारायचं. ९७ असेल तर १०० घड्यांच्या ताग्यात ३ मीटर कमी येतात, ते बिलातून वजा करून घ्यायचे. व्यापाऱ्याला हे नवीन नसतं.

वरची घडी पाहून तागा घेणं

दुकानातल्या दिव्याखाली सगळंच चांगलं दिसतं. तागा दाराशी उजेडात न्या. आधी काठ बघा. कारखान्यात कापड तपासताना दोष सापडला की काठाला दोरा बांधून खूण करण्याची पद्धत आहे. असे दोरे मोजा आणि त्या प्रत्येक जागी कापड उघडा. आडवा धागा गेला असेल तर उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक रेघ दिसते. मागाच्या तेलाचा डाग काळपट असतो आणि धुतल्यावर निघेलच असा भरवसा नाही.

रंगाचा फरक मात्र असा दिसत नाही. त्यासाठी उजवा आणि डावा काठ मधल्या भागावर आणून ठेवा. तिन्ही एकमेकांना चिकटले की कडेचा रंग फिकट आहे का ते लगेच कळतं. असा तागा घेतला तर पुढचा भाग एका रंगाचा आणि बाही दुसऱ्या रंगाची होते, आणि शिवून झाल्यावर त्यावर काहीच इलाज उरत नाही. दोन तागे घेणार असाल तर दोन्हींचा लॉट एकच आहे का विचारा आणि त्यांची टोकंही अशीच जुळवून बघा.

सगळेच दोष सारखे नसतात. डाग काठालगतच्या न वापरायच्या पट्टीत असेल तर तो कापणीतच जातो, त्यासाठी तागा परत करायचं कारण नाही. तोच डाग मध्यावर असेल तर एक कुर्ती अडते. तेवढ्या कापडाची सूट मागा. "खराब आहे, कमी करा" असं मोघम बोलण्यापेक्षा "मध्ये तीन दोष आहेत, साडेचार मीटर वजा करा" म्हटलं की बोलणं लवकर मिटतं.

तुकडे मीटरच्या भावाने घेणं

ताग्याचा व्यवहार ठरल्यावरच तुकड्यांकडे वळा. तेव्हा दुकानदारालाही ते काढून टाकायचे असतात. समजा चार तुकडे समोर आले: १.६०, २.९०, १.४० आणि ३.१० मीटर. एकूण ९ मीटर. ७० च्या मालाला तो ६० म्हणतो, म्हणजे ५४० रुपये. तुकड्यांची टोकं तिरकी असतात, म्हणून एका कुर्तीला १.५५ मीटर धरा. पहिल्या तुकड्यात एक, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही, चौथ्यात दोन. चारच कुर्त्या. तागा घेऊन त्या चार कुर्त्या ४२० रुपयांच्या कापडात झाल्या असत्या. मग ५४० कशाला? इथे ४० ने सुरुवात करून ४५ पर्यंत जायला हरकत नाही. ९ मीटरचे ४०५ होतात.

१.४० चा तुकडा आणि २.९० मधून उरलेला १.३५ यांत बाही ११ इंचांची ठेवली तर आखूड बाह्यांच्या आणखी दोन कुर्त्या निघतात. तशा गिऱ्हाइकांनी आधीच सांगितल्या असतील तर ५० सुद्धा परवडतो. पण हे दुकानात बोलून दाखवू नका, आणि प्रत्येक तुकड्याचा पन्ना वेगळा मोजा, कारण तुकडे एकाच ताग्याचे असतील असं नाही.

किलोने विकत असतील तर एक तुकडा मोजून त्याच काट्यावर ठेवा. २ मीटरचं वजन २२० ग्रॅम आलं तर किलोत साधारण ९ मीटर बसतात, आणि वरचाच हिशेब लागू होतो. खळ जास्त असेल तर मात्र तुम्ही खळीचेही पैसे देताय. कापड मुठीत चोळा, पांढरी भुकटी पडली तर सोडून द्या.

कमी पन्न्याचा तागा घरी आलाच असेल तर

कापू नका. कात्री लागलेला माल ठोक दुकानदार परत घेत नाही. म्हणूनच बिलावर वापरता येणारा पन्ना लिहून घ्यायची सवय लावा. परत होणार नसेल तर आधी छपाई बघा. नक्षीला वर-खाली नसेल तर एक भाग उलटा मांडा. छातीला १९ आणि घेराला २१ इंच असा उतरता आकार असेल तर दोन्ही भाग एकमेकांत सरकतात आणि ४२ ऐवजी ४१ इंचांत बसतात. नक्षीतली फुलं एकाच दिशेने असतील तर हे जमत नाही. मग तो तागा लहान मुलींच्या मापासाठी बाजूला ठेवायचा.