गुंठा, आर की चौरस यार्ड? जुन्या कागदांवरून प्लॉटचे चौरस मीटर कसे काढावेत

मुंबईच्या उपनगरांत सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेलं जमिनीचं हस्तांतर सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे, करायला घेतलं की एकाच प्लॉटचं क्षेत्रफळ वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या मापांत सापडतं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या फाइलमध्ये जुनं खरेदीखत एकर-गुंठ्यात होतं, बिल्डरचा करार चौरस यार्डात, सातबारा आरमध्ये आणि प्रॉपर्टी कार्ड चौरस मीटरमध्ये. चारही आकडे एका मापात आणल्याशिवाय ते एकाच जमिनीबद्दल बोलतात की नाही, हे कळत नाही.

सुरुवात सगळ्यात जुन्या कागदापासून करा. आमच्या खरेदीखतात ‘०-१७-८’ असं लिहिलं होतं, म्हणजे ० एकर, १७ गुंठे, ८ आणे. इथे बहुतेकांची पहिली चूक होते. मधल्या रेघेला दशांश चिन्ह समजू नका. एकराचे ४० गुंठे आणि गुंठ्याचे १६ आणे होतात. त्यामुळे ‘१-२०’ म्हणजे १.२० एकर नव्हे, तर दीड एकर. दोन्हींत जवळपास १,२१४ चौरस मीटरचा फरक पडतो.

तेव्हा आधी आण्यांचे गुंठे करा. ८ आणे म्हणजे अर्धा गुंठा, म्हणून आमचे झाले १७.५ गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौकोन, १,०८९ चौरस फूट. मीटरमध्ये तो १०१.१७ चौरस मीटर भरतो. १७.५ गुणिले १०१.१७ केलं की १,७७०.५ चौरस मीटर येतात. एकर असतील तर आधी ४० ने गुणून गुंठ्यांत मिळवा आणि मग एकदाच चौरस मीटर करा. मध्येच पूर्णांकात आणू नका, ते शेवटी करा.

चौरस यार्डाचं गणित याच चौकोनातून निघतं. ३३ फूट म्हणजे ११ यार्ड, म्हणून एका गुंठ्यात बरोबर १२१ चौरस यार्ड बसतात. आमच्या करारात २,११७.५ चौरस यार्ड होते. १२१ ने भागलं तर १७.५ गुंठेच. हा ताळा मला फार आवडतो, कारण त्यात मीटर येतच नाहीत आणि दोन जुने कागद थेट एकमेकांशी जुळतात. सरळ चौरस मीटर हवे असतील तर यार्डांना ०.८३६१ ने गुणा.

आता सातबारा. इथे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहितात. हेक्टर १०,००० चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा. ‘०.१७.७०’ म्हणजे १७ आर आणि ७० चौरस मीटर, एकूण १,७७०. वरचा अर्धा चौरस मीटर जुन्या मापातून नव्या मापात येताना गळला, त्याची काळजी नको. मात्र आकड्याच्या वर कोणतं एकक छापलंय ते आधी वाचा. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर शेतजमिनीला ‘हे.आर.चौ.मी.’ असतं, पण बिनशेतीला ‘आर.चौ.मी.’ तिथे नुसतं ‘१७.७०’ दिसलं आणि कुणी ते हेक्टर समजून वाचलं, तर क्षेत्र शंभर पट होतं.

आर म्हणजेच गुंठा, असं आमच्या कमिटीतले एक काका ठामपणे सांगत होते. गावाकडे बोलताना तसं चालतंही. पण गुंठा आरपेक्षा १.१७ चौरस मीटरने मोठा आहे. १७.५ गुंठ्यांना १७.५ आर म्हटलं की सुमारे २०.५ चौरस मीटर, म्हणजे २२० चौरस फूट जागा कागदावरून जाते. मुंबईत तेवढ्यात एक कुटुंब राहतं.

शेवटी हे सगळं प्रॉपर्टी कार्डाशी लावून बघा. त्याआधी सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि सीटीएस म्हणजे नगर भूमापन नंबर एकाच तुकड्याचे आहेत ना, ते तपासा. एका हिश्शाचे दोन सीटीएस झाले असतील तर दोन्ही कार्डांची बेरीज करावी लागते. फरक एखाद्या चौरस मीटरचा असेल तर तो बहुधा पूर्णांकाचा खेळ. फरक बरोबर १.१७ टक्के असेल तर कुणीतरी गुंठ्याला आर समजलंय. आमच्या कार्डावर १,७२४ चौरस मीटर होते, म्हणजे ४६.५ कमी. एवढा फरक मापाच्या बदलातून येत नाही. म्हणून कार्डावरच्या फेरफार नोंदी एकेक करून वाचल्या, तेव्हा रस्ता रुंदीकरणात पुढची पट्टी गेल्याची नोंद सापडली. अशी नोंद नसेल तर गुणाकार पुन्हा पुन्हा करत बसू नका, नगर भूमापन कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.