रिपोर्ट समजावताना ‘क्रिएटिनिन’ ठेवायचं, ‘रक्त कमी’ टाळायचं

डीएमएलटी करून मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या रुग्णालयातल्या लॅबमध्ये लागले. रक्त काढणं, सॅम्पल लावणं, रोज सकाळी मशीनचे कंट्रोल बघणं हे सगळं शिकून आले होते. पण रिपोर्टचा कागद हातात धरून खिडकीशी उभा राहिलेला माणूस जेव्हा विचारतो, ‘ताई, काय आलंय यात?’, तेव्हा त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. निदान सांगणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण कागदावर काय लिहिलंय, हा आकडा कशाचा, हे आपल्यालाच विचारतात. या कामात नवीन येणाऱ्यांसाठी लिहिते आहे, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

पहिल्याच वर्षी ५८ वर्षांचे एक मामा आले होते. शेती करणारे, दहा-बारा वर्षांची शुगर, गुडघ्याचं दुखणं. क्रिएटिनिन १.९ आलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, औषधं लिहिली, गुडघ्यासाठी ते मेडिकलमधून परस्पर घेत होते ती वेदनाशामक गोळी बंद करायला सांगितली, आणि बाहेर गर्दी होती म्हणून रिपोर्ट समजून घ्यायला माझ्याकडे पाठवलं. क्रिएटिनिन हा शब्द मामांना जड जाईल असं मला वाटलं. म्हणून सोपं करून सांगितलं, ‘मामा, किडनीत कचरा वाढलाय.’ त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

पंधरा दिवसांनी आले ते पायांवर सूज घेऊन. कचरा धुवून निघावा म्हणून रोज पाच-सहा लिटर पाणी पीत होते. कुणीतरी बाजारातली ‘किडनी साफ करणारी’ पावडर दिली होती, तीही चालू होती. आणि गुडघ्याची गोळी पुन्हा सुरू केली होती, कारण त्यांचा हिशेब सरळ होता: कचरा साफ होतोय ना, मग गोळीनं काय होतंय!

मी दिलेल्या शब्दाप्रमाणे ते अगदी बरोबर वागले होते. कचरा म्हटलं की तो कुठेतरी साचलेला असतो, पाणी मारलं की निघतो, आणि निघाला की जागा पहिल्यासारखी होते. क्रिएटिनिनचं तसं काहीच नसतं. ते किडनीत साचत नाही, आपण ते मोजतो रक्तात. स्नायूंचं काम चालू असतं त्यातून ते रोज जवळपास सारख्याच प्रमाणात तयार होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीचं काम कमी पडलं की रक्तातलं प्रमाण चढतं. म्हणजे क्रिएटिनिन हा स्वतः आजार नाही, किडनी किती काम करते आहे ते दाखवणारी ती खूण आहे. पाणी जास्त प्यायल्यानं दमलेली किडनी ताजीतवानी होत नाही, आणि काम कमी पडत असेल तर ते जादा पाणी अंगातच राहून सूज येऊ शकते.

तेव्हापासून क्रिएटिनिन हा शब्द मी बदलत नाही. त्याला मराठीत कुणाच्या तोंडी असलेला शब्दच नाही, आणि मी बनवलेला शब्द माझ्या खिडकीपुरताच चालणार. पेशंट उद्या सोलापूरला मोठ्या दवाखान्यात गेला, दुसऱ्या लॅबमध्ये गेला, मेडिकलवर उभा राहिला, तर सगळीकडे त्याला ‘क्रिएटिनिन किती?’ असंच विचारतील. किडनीच्या पेशंटला हा शब्द पुढची कित्येक वर्षं वापरायचा असतो. मग तो मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेते. ‘किरेटीन’ म्हणाला तरी चालतं, समोरच्याला कळतं.

शब्द ठेवला की अर्थ मात्र पूर्ण वाक्यात सांगायचा. त्या मामांना मी दुसऱ्या वेळी असं सांगितलं: ‘मामा, आपण हलतो-चालतो, त्यातून क्रिएटिनिन नावाचा पदार्थ रोज रक्तात येतो. किडनी तो लघवीतून बाहेर काढते. तुमच्या रक्तात तो जास्त राहिलाय, म्हणजे किडनीचं काम कमी पडतंय. त्या गुडघ्याच्या गोळीचा किडनीवर ताण येतो, म्हणून ती बंद. पाणी किती प्यायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच.’ यात ‘किडनी’ही तशीच आहे. पाठ्यपुस्तकात ‘वृक्क’ लिहितात, बोलण्यात जरा शुद्ध माणसं ‘मूत्रपिंड’ म्हणतात, पण आमच्याकडे खिडकीशी येणारा प्रत्येक जण, शाळा न शिकलेली आजीसुद्धा, किडनीच म्हणते. जो शब्द आधीच माणसाचा झालाय तो काढून घेऊन शुद्ध शब्द हातात द्यायला आपण बसलेलो नाही. याच कारणानं लघवीला ‘युरिन’ म्हणायचं नाही आणि ‘फास्टिंग’ऐवजी ‘उपाशीपोटी’ म्हणायचं. तिथे मराठी शब्द घरातला आहे आणि त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

आकड्याचंही भाषांतर करावं लागतं, हे मला उशिरा कळलं. मामांचा वर्षापूर्वीचा रिपोर्ट १.३ होता. ‘एक पॉइंट तीनचं एक पॉइंट नऊ, म्हणजे सहा पॉइंटच वाढलं की,’ असं ते म्हणाले. शुगर १४० ची २०० झालेली त्यांना मोठी वाटते, हे काहीच वाटत नाही. हिमोग्लोबिन ११.३ चं ११.९ झालं तर फरक खरंच किरकोळ असतो, पण क्रिएटिनिनमध्ये तेवढ्याच फरकाचा अर्थ फार वेगळा होतो. म्हणून मी शेजारची ईजीएफआरची ओळ दाखवते. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेला तो किडनीच्या कामाचा अंदाज असतो. मामांचा १.३ ला ६४ च्या आसपास होता, १.९ ला ४० वर आला होता. ‘चाळीस म्हणजे पास की, दहावीला पस्तीसला पास व्हायचो,’ मामा म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि मी त्यांचेच मार्क धरून पुढे बोलले. ‘गेल्या वर्षी चौसष्ट होते, आता चाळीस. पास-नापासाचं सोडा, एका वर्षात चोवीस मार्क गेले.’ हे त्यांना लगेच कळलं. हे मार्क म्हणजे टक्के नव्हेत, तो अंदाजी आकडा आहे, आणि एकाच रिपोर्टवरून आजार कायमचा ठरत नाही, हेही जोडीला सांगावं लागतं. नाहीतर माणूस ‘साठ टक्के किडनी फेल’ असं ऐकून घरी जातो, आणि ‘फेल’ या शब्दानं घरात रडारड होते. तो शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही.

‘नॉर्मल’ हा इंग्रजी शब्दही सगळ्यांना कळतो म्हणून मी सर्रास वापरायचे. पण ७५ वर्षांच्या, हाडं निघालेल्या एका आजींचं क्रिएटिनिन १.१ होतं. आमच्या कागदावरची मर्यादा १.२ पर्यंत. मी ‘नॉर्मल आहे’ म्हणून टाकलं असतं, पण ईजीएफआर ५२ येत होता. स्नायू कमी असले की क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, त्यामुळे आकडा कागदाच्या मर्यादेत बसतो आणि किडनीचं काम तरीही कमी असू शकतं. आता मी ‘कागदावरच्या मर्यादेत आहे, डॉक्टरांना दाखवा’ इतकंच म्हणते.

हिमोग्लोबिनची गोष्ट उलटी आहे. त्याला मराठीत बोलण्याची पद्धत आधीच रुळलेली आहे, ‘अंगात रक्त कमी आहे’, आणि अडचण नेमकी तीच आहे. २६ वर्षांच्या एका बाईंचं हिमोग्लोबिन ८.२ आलं. गरोदर नसलेल्या बाईला ते १२ तरी हवं. मी ‘रक्त कमी आहे’ म्हटलं, आणि सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, ‘मग पुन्हा रक्त काढू नका, आधीच कमी आहे.’ पुढच्या तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिली रक्त हवं होतं, तेवढ्यासाठी पाऊण तास गेला. मग बीट आणि डाळिंब सुरू झालं, कारण रक्त लाल आणि तेही लाल. लोहाच्या गोळ्या तीन आठवडे घेतल्या, चक्कर थांबली तशा सोडल्या. शौचाला काळं होतंय म्हणूनही घाबरल्या होत्या. लोहाच्या गोळीनं तसं होतंच, पण मी आधी सांगितलं नव्हतं.

रक्त कमी म्हणजे मापानं कमी, असंच कुणालाही वाटणार. खरं तर रक्त तेवढंच असतं, त्यातला ऑक्सिजन वाहून नेणारा भाग कमी असतो. आता मी ‘एचबी’ म्हणते. पूर्ण ‘हिमोग्लोबिन’ कमी जणांच्या तोंडात बसतं, एचबी मात्र आशाताईंमुळे गावोगावी गेलं आहे. आणि सांगते: ‘रक्त आहे तेवढंच आहे, पण त्यातलं एचबी कमी आहे. एचबी ऑक्सिजन पोचवतं, म्हणून तुम्हाला दम लागतो. ते बनायला लोह लागतं.’ कोविडनंतर ‘प्राणवायू’ म्हणायची गरज राहिलेली नाही, ऑक्सिजन सगळ्यांना कळतो. ‘लोह’ मात्र मी मराठीतच ठेवते. ‘आयर्न’ म्हटलं की काहींना इस्त्री आठवते. लोहाच्या गोळ्यांनी महिन्याभरात एचबी साधारण एक-दोन अंकांनी वाढायला हवं, आणि ते भरून आल्यावरही डॉक्टर आणखी काही महिने गोळी चालू ठेवतात, कारण शरीरातला साठाही भरायचा असतो. ‘रक्त वाढलं’ म्हणणाऱ्याला हे पटत नाही. ‘एचबी वाढलं, साठा अजून भरायचाय’ म्हटलं की पटतं.

पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात तेव्हा ‘पेशी’ या शब्दाला जपा. लोकांच्या बोलण्यात नुसतं ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट. मी एकदा ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात’ म्हटलं, तर पेशंटच्या भावानं ‘पेशी’ एवढंच ऐकलं आणि रक्तपेढीला फोन लावला. प्लेटलेट तेव्हा १ लाख ४० हजार होत्या, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पाठ्यपुस्तकातलं ‘रक्तपट्टिका’ इथे कुणी ओळखत नाही, म्हणून नुसतं ‘पेशी’ कधीच म्हणायचं नाही. ‘प्लेटलेट’ म्हणा, आणि दुसऱ्यांना पूर्ण ‘पांढऱ्या पेशी’. काही मशीन ६२ हजार हा आकडा ‘०.६२ लाख’ असा छापतं आणि नातेवाईक ‘एकही पेशी राहिली नाही’ म्हणत धावत येतात. अशा वेळी आकडा हजारात पेननं बाजूला लिहून द्यायचा.

युरिया हा शब्द ठेवावाच लागतो, पण शेतकऱ्यापुढे तो एकटा सोडू नये. खतामुळे की फवारणीमुळे आला, असं मला तीन-चार जणांनी विचारलं आहे. पदार्थ खरंच तोच आहे. फक्त हा शरीरानं स्वतः बनवलेला असतो, डाळी-अंडी-मटणातल्या प्रथिनांपासून, आणि शेतातल्या पोत्याशी त्याचा काही संबंध नाही, इतकं सांगितलं की पुरतं.

त्या मामांची पावडर आणि गोळी बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, क्रिएटिनिन १.५ आलं. मी कागदाच्या मागे तारीख घालून तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून दिले: १.३, १.९, १.५. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, ‘पुढच्या वेळी ह्याच्या खाली लिहायचं ना?’