फोटोवरून ओळखला रिमोटचा सेल

आईने दारावरच्या बेलच्या रिमोटमधला सेल फोटो काढून पाठवला. छपाई घासलेली, '१२ व्होल्ट' एवढंच वाचता येत होतं. गोल नळी, एका टोकाला उंचवटा, म्हणजे तो धन. १२ व्होल्ट म्हटल्यावर पेन्सिल सेल बाद, तो दीडचा. उरले २३ए आणि २७ए. दोन्ही साधारण २८ मिलिमीटर लांब, पण २३ए दहा मिलिमीटर जाड, २७ए आठच.

फोटोत खरं माप कळत नाही, गुणोत्तर मात्र कळतं. स्क्रीनवर पट्टी लावली: लांबी ८३, जाडी ३०, म्हणजे पावणेतीन पट. २७ए साडेतीन पट भरला असता. फोटो तिरका असेल तर लांबी कमी दिसते, म्हणून आईकडून सरळ बाजूने पुन्हा काढून घेतला होता. २३ए आणला, बेल वाजली.