फोटोवरून व्हर्निअर कॅलिपर वाचताना ऋण शून्य त्रुटी कशी काढावी

प्रयोगशाळेत काढलेला फोटो घरी बसून वाचायचा असेल, तर एक फोटो पुरत नाही. वस्तू पकडलेल्या कॅलिपरचा एक आणि रिकामे जबडे मिटवून काढलेला दुसरा, असे दोन लागतात. दुसरा नसेल तर शून्य त्रुटी कळायला मार्गच उरत नाही. तो काढण्याआधी जबडे कापडाने पुसा, कारण मध्ये कण अडकला तर नसलेली त्रुटी दिसते.

फोटो काढताना कॅमेरा मापपट्टीच्या अगदी समोर, काटकोनात धरा आणि जुळणारी रेघ चौकटीच्या मध्यावर ठेवा. सरकणारी पट्टी मुख्य पट्टीपेक्षा किंचित वर असते. ही उंची ०.३ मिमी असेल आणि कॅमेरा बाजूला २० अंश कलला, तर रेघा सुमारे ०.१ मिमी सरकलेल्या दिसतात, म्हणजे वाचन पूर्ण एका घराने चुकते. फोन फार जवळ नेण्यापेक्षा थोडे लांबून झूम करणे चांगले.

आता वाचन. नेहमीच्या शालेय कॅलिपरवर व्हर्निअरची १० घरे मुख्य पट्टीच्या ९ मिमीत बसतात, म्हणून लघुत्तम माप ०.१ मिमी. आधी मिटलेल्या जबड्यांचा फोटो घ्या. समजा, व्हर्निअरचा शून्य मुख्य शून्याच्या डावीकडे गेला आहे आणि सातवी रेघ जुळते आहे. इथे बरेच जण त्रुटी −०.७ मिमी लिहितात, आणि तिथेच सगळे बिघडते. व्हर्निअरचा शून्य मुख्य शून्याच्या डावीकडच्या पहिल्या रेघेपासून, म्हणजे −१ मिमीपासून, ०.७ मिमी पुढे आहे. म्हणून त्रुटी −१ + ०.७ = −०.३ मिमी. फोटोतही तो शून्य साधारण एक तृतीयांश घर डावीकडे दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर पुन्हा वाचा.

मग वस्तूचा फोटो. पोलादी गोळी पकडली आहे, व्हर्निअरचा शून्य १२ मिमीच्या पुढे आहे. अशा पट्टीवर आकडे बहुधा सेंटिमीटरचे असतात, म्हणून ‘१’नंतरची दुसरी बारीक रेघ म्हणजे १२ मिमी. चौथी रेघ जुळते असे वाटते, पण शेजारची तिसरी आणि पाचवीही जवळपास जुळल्यासारख्या दिसतात. अशा वेळी त्या दोघींकडेच पाहा. चौथी खरोखर जुळत असेल, तर व्हर्निअरची तिसरी रेघ आपल्या मुख्य रेघेच्या किंचित उजवीकडे आणि पाचवी तेवढीच डावीकडे असते. दोन्ही चौथीकडे सारख्या झुकलेल्या दिसतात. झुकाव असमान असेल तर शेजारची रेघ तपासा.

वाचन १२.४ मिमी आले. त्रुटी चिन्हासकट वजा करायची:

१२.४ − (−०.३) = १२.७ मिमी

त्रुटी ऋण असल्याने माप वाढले. ही गोळी अर्ध्या इंचाची होती, आणि अर्धा इंच म्हणजे नेमके १२.७ मिमी.