ठेव योजनेची पोस्ट सोपी करताना या चुका टाळा

‘पाच वर्षांसाठी ठेवा, परतावा ९ टक्के!’ सहकारी बँकेच्या पोस्टमध्ये अशी ओळ दिसली की मी सगळ्यात आधी दरपत्रक मागवते. बहुतेक वेळा त्यात दर असतो साडेसात. मग हे नऊ आले कुठून?

साडेसात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, १ लाखाचे पाच वर्षांनी साधारण १,४४,९९५ रुपये होतात. वरच्या ४४,९९५ ला पाचने भागले की वर्षाला जवळपास ९,००० येतात, म्हणजे लाखाला नऊ टक्के. आकडा खोटा नाही, पण तो व्याजदर नाही. मुदत जितकी लांबवाल तितकी ही सरासरी फुगत जाते, दर मात्र जागचा हलत नाही. वाचणारा तर नऊ म्हणजे व्याज असेच धरून चालतो.

दोन वर्षांपूर्वी एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत मी पुढच्या पोस्टचा मजकूर घेऊन बसले होते. तेवढ्यात एक काकू पासबुक घेऊन आल्या. वय ५८, यजमान गेल्यावर मिळालेले ५ लाख त्यांनी पाच वर्षांसाठी ठेवले होते आणि फॉर्मवर ‘मासिक व्याज’ला खूण केली होती. पोस्टमधल्या नऊ टक्क्यांवरून त्यांनी घरीच हिशेब मांडला होता, महिन्याला ३,७५० रुपये. पासबुकात पडत होते ३,१०५.

“साहेब, तुम्हीच नऊ लिहिलंय ना? मग माझे साडेसहाशे गेले कुठं?”

शाखाधिकाऱ्यांनी शांतपणे समजावले. नऊचा आकडा पैसे न काढता पाच वर्षे तसेच ठेवणाऱ्यांसाठी होता, मासिक व्याज घेणाऱ्यांना चक्रवाढ नाही. शिवाय खरे तर तिमाहीला द्यायचे व्याज बँक दर महिन्याला आधीच देते, त्यामुळे रक्कम किंचित कापून येते. साडेसात टक्क्यांनी लाखाला महिन्याचे ६२५ होतात, हातात येतात ६२१. यातले एक अक्षरही पोस्टमध्ये नव्हते.

काकू म्हणाल्या, मग मोडून द्या. पोस्टमध्ये ‘मुदतपूर्व ठेव काढण्याची सोय उपलब्ध’ एवढेच होते. ठेवीला चार महिने झाले होते. मधेच मोडल्यावर पाच वर्षांचा दर मिळत नाही, ठेव जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा, ठेव ठेवली त्या तारखेचा दर लागतो. त्या बँकेत तो ६ टक्के होता आणि त्यातून १ टक्का दंड. म्हणजे ५ टक्क्यांनी चार महिन्यांचे ८,३३३ रुपये. काकूंना तोवर १२,४०० च्या वर व्याज देऊन झाले होते. जास्त गेलेले चार हजारांवर रुपये मुद्दलातून वळते होणार होते. “माझ्याच पैशातून कापणार?” एवढेच त्या बोलल्या. ठेव त्यांनी मोडली नाही, पण त्या बँकेच्या पोस्टवर त्या पुन्हा विश्वास ठेवतील असे मला वाटत नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. पोस्ट लिहायला बसले की टक्के नंतर, आधी रुपये. आणि ते रुपये माझ्या कॅल्क्युलेटरवरचे नाही, काउंटरवरच्या क्लार्कला १ लाखाची ठेव संगणकात टाकून बघायला सांगते आणि पावतीवर जो आकडा छापला जाईल तोच घेते. त्या योजनेची पोस्ट मी नंतर अशी लिहिली:

“१ लाख रुपये ५ वर्षांसाठी ठेवले आणि मधे काहीच काढले नाही, तर शेवटी १,४४,९९५ रुपये मिळतील. व्याज दर महिन्याला हवे असेल तर १ लाखावर महिन्याला ६२१ रुपये खात्यात जमा होतील आणि ५ वर्षांनी तुमचे १ लाख परत मिळतील. व्याजदर वर्षाला साडेसात टक्के. ठेव मधेच मोडली तर जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर लागेल आणि त्यातून १ टक्का कमी होईल. आधी जास्त व्याज दिले गेले असेल तर ते ठेवीच्या रकमेतून वळते केले जाईल.”

शेवटच्या दोन वाक्यांवर प्रत्येक वेळी वाद होतो. ‘हे कशाला लिहायचं, ठेवी येणार नाहीत’ असे म्हणतात. मी ती काढत नाही. ‘अटी लागू’ लिहून मोकळे होणे सोपे असते, पण काउंटरवर ते प्रश्न झेलायला दुसराच कुणी बसलेला असतो.

मुदतीच्या तक्त्यात ‘१ ते २ वर्षे’ आणि खाली ‘२ ते ३ वर्षे’ असे छापू नका. बरोबर २ वर्षांची ठेव कुठे बसते? ‘२ वर्षांपर्यंत’ आणि ‘२ वर्षांपेक्षा जास्त’ लिहा. ४४४ दिवसांची योजना असेल तर शेजारी ‘म्हणजे साधारण साडेचौदा महिने’ एवढी भर घाला.

पात्रतेत ‘बँकेच्या नियमानुसार’ हे शब्द दिसले की मला राग येतो. वाचणाऱ्याला तो नियमच हवा असतो. ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त असेल तर वय ठेव ठेवताना ६० पूर्ण हवे का, आणि संयुक्त खात्यात ज्येष्ठांचे नाव पहिले हवे का, हे दोन्ही लिहा. ‘सभासदांसाठी विशेष दर’ असेल तर नाममात्र सभासद त्यात येतो की नाही तेही सांगा. नवीन मुले दुसऱ्या बँकेची पोस्ट उचलतात, नाव बदलतात आणि दहा मिनिटांत पाठवून देतात. पात्रतेच्या ओळी हमखास तिथेच फसतात.

दर कोणत्या तारखेपासून लागू, हे लिहिल्याशिवाय पोस्ट सोडू नका. ती व्हॉट्सॲपवर वर्षभर फिरत राहते.

मजकूर तयार झाला की मी तो पिग्मी गोळा करणाऱ्या दादांना वाचून दाखवते. दिवसभर दुकानादुकानांतून लोक त्यांनाच विचारत असतात. मागच्या वेळी त्यांनी एकच प्रश्न केला, “मुदत संपली आणि माणूस आलाच नाही तर?” मी ते लिहायचे विसरले होते. मग भर घातली: “मुदत संपल्यावर पैसे नेले नाहीत किंवा ठेव पुढे चालू केली नाही, तर पुढच्या दिवसांसाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा दर, यातला जो कमी असेल तो मिळेल.”

आणि ‘तुमच्या ठेवी १०० टक्के सुरक्षित’ हे वाक्य कृपा करून खोडा. बँकेतल्या ठेवीला विमा आहे तो एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत, सगळ्या शाखा, बचत खाते, मुद्दल आणि व्याज मिळून. काकूंचे ५ लाख ठेवीत होते आणि बचत खातेही त्याच बँकेत होते, म्हणजे त्यांची वरची रक्कम विम्याबाहेरच होती. पतसंस्थेच्या ठेवींना तर हा विमा लागूच नाही, तरीही बँकेच्या पोस्टमधून ही ओळ उचलून पतसंस्थेच्या पोस्टमध्ये चिकटवलेली मी तीनदा पाहिली आहे. तिन्ही वेळा फोन करून काढायला लावली.