जुन्या रजिस्ट्रीची चतुःसीमा टाइप करताय? या चुका टाळा

हातानं लिहिलेल्या जुन्या विक्रीपत्राची पहिली दोन-तीन पानं कोणीही टाइप करते. लिहून देणार, लिहून घेणार, इतके रुपये रोख मिळाले, आता आमचा हक्क राहिला नाही, हे सगळं ठरलेलं असते, एखादा शब्द लागला नाही तरी अंदाजानं भागते. खरी गंमत शेवटच्या पानावर, परिशिष्टात, जिथं जागेची मापं आणि चारी बाजूंना काय आहे ती चतुःसीमा लिहिलेली असते. तिथं अंदाज चालत नाही आणि नेमकं तिथंच आपले पोट्टे घाईत असतात, कारण पान संपत आलेलं असते आणि चहा यायचा असतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे तयार नमुना. कॉम्प्युटरवर फाइल असते, तिच्यात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चार ओळी आधीच टाइप केलेल्या, समोर फक्त भरायचं. आता जुन्या लिहिणाऱ्यानं तोच क्रम पाळला असेल याची काय गॅरंटी? कितीतरी दस्तांत प्रदक्षिणेचा क्रम असते, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. डोळे दिशेचा शब्द वाचतच नाहीत, पहिली ओळ पहिल्यात, दुसरी दुसऱ्यात टाकत जातात.

नागपूरच्या महालातल्या एका घराचं सांगतो. १९५० च्या दशकातलं विक्रीपत्र, हातानं लिहिलेलं, परिशिष्टात शीट नंबर, वॉर्ड, सर्कल, घर नंबर आणि पुढे असं:

पूर्वेस – आम रस्ता
दक्षिणेस – सार्वजनिक बोळ
पश्चिमेस – कोष्ट्याचे घर
उत्तरेस – लिहून देणाराची उरलेली जागा
पूर्व-पश्चिम ४१ फूट, उत्तर-दक्षिण २४॥ फूट, एकूण १००४॥ चौरस फूट

शेजारच्या टेबलावरच्या पोट्ट्यानं हे नमुन्यात बसवलं. रस्ता पूर्वेला बरोबर राहिला, बोळ गेला पश्चिमेला, कोष्ट्याचं घर उत्तरेला आणि उरलेली जागा दक्षिणेला. चारातल्या तीन बाजू सरकल्या. बरं, ही टाइप कॉपी नुसती वाचायला हवी होती तर ठीक होतं, पण घर पुन्हा विकायचं निघालं तेव्हा नवीन विक्रीपत्राचं परिशिष्ट याच कॉपीतून उचललं, तसंच रजिस्टर झालं. घेणाऱ्यानं नंतर लोन काढलं, बँकेचा व्हॅल्युअर जागेवर जाऊन उभा राहिला आणि विचारतो, पश्चिमेचा बोळ कुठं आहे? तिथं तर भिंतीला भिंत लावून घर. लोन अडकलं. मग चूक दुरुस्ती पत्र, त्यासाठी विकणाऱ्यांनी यायला पाहिजे, ते म्हातारे काका तोपर्यंत पोरीकडे पुण्याला राहायला गेलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दिवाळीच्या आधी होणारं काम होळीपर्यंत गेलं. पोट्ट्याला विचारलं तर म्हणते, "काका, नमुना तर सगळ्यांचा सारखाच असते नं!" आता याला काय म्हणायचं बाप्पा.

माझी सवय साधी आहे. परिशिष्टासाठी मी कोरी फाइल उघडतो, मूळ दस्तावर पट्टी ठेवतो, एक ओळ दिसेल एवढीच, आणि दिशेचा शब्द आधी टाइप करतो, मग त्याच्या समोरचं. क्रम मूळाचा तोच ठेवायचा. पूर्व-दक्षिण असेल तर पूर्व-दक्षिण, आपल्याला विचित्र वाटते म्हणून सरळ करायचं नाही. दस्तात फक्त "पू." आणि "प." लिहिलं असेल तर जास्तच सांभाळा, कारण "पू"चा ऊकार खालच्या ओळीच्या अक्षरांत घुसून जाते आणि दोन्ही "प." दिसतात. त्यात कोणी व्हॉट्सअपवर फोटो पाठवला असला तर तो बारीक फराटा आधीच उडालेला असते. अशा फोटोवरून मी दिशा टाइप करतच नाही, मूळ कागद आणा नाहीतर रजिस्ट्री ऑफिसातून नक्कल काढा म्हणतो, लोक तोंड वाकडं करतात, करू द्या.

आता दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा बेकार आहे कारण ती कॅल्क्युलेटरमध्येही सापडत नाही. "पूर्व-पश्चिम ४१ फूट" म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे मोजलं तर ४१ फूट. म्हणजे ४१ फूट भरते ती उत्तरेची आणि दक्षिणेची कड. पूर्वेची बाजू, जी रस्त्याला लागून आहे, ती साडेचोवीस फुटांची. पण टाइप करणारा हुशारी करतो आणि "पूर्व व पश्चिम बाजू ४१ फूट, उत्तर व दक्षिण बाजू २४॥ फूट" असं "स्वच्छ" करून लिहितो. झालं, प्लॉट आडवा फिरला. क्षेत्रफळ काढून पाहा, दोन्हीकडे १००४॥ च येते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण रस्त्यावरचा दर्शनी भाग साडेचोवीसचा एकदम ४१ झाला, साडेसोळा फूट जास्त. दक्षिणेला बोळ आहे, तिकडे तर सरकता येत नाही, म्हणजे हे साडेसोळा फूट उत्तरेच्या उरलेल्या जागेत घुसले. आणि महालात रस्त्यावरच्या एकेका फुटासाठी लोक भाऊबंदकी करतात, हे नागपूरकरांना सांगायला नको.

हे पकडायचा एकच उपाय मला माहीत आहे, कच्चा नकाशा. टाइप झालं की मूळ दस्त पालथा ठेवायचा, फक्त आपण टाइप केलेलं वाचून पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढायचा, उत्तर वर, चारी बाजूंना शेजारी लिहायचे, आणि प्रत्येक कडेवर तिचं माप. मग मूळ दस्त सरळ करून दुसरा चौकोन त्याच्यावरून काढायचा. दोन्ही चौकोन सारखे आले पाहिजेत. एकाच चौकोनावर दोन्ही तपासू नका, डोळा पहिल्यालाच होकार देतो. रिकामटेकडेपणा म्हणून हसणारे खूप भेटले, पण उलटी दिशा आणि आडवा प्लॉट, दोन्ही यातच सापडतात. हा नकाशा आपल्यापुरता ठेवायचा, टाइप कॉपीला जोडायचा नाही, नाहीतर उद्या कोणी तो दस्ताचाच भाग समजेल.

नोंदणी कायद्याच्या (१९०८) कलम २१ मध्येही मिळकत ओळखू येईल असं वर्णन पाहिजे, शहरातलं घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते सांगा, असं आहेच. आणि क्षेत्रफळ एक सांगते, चतुःसीमा दुसरं, असा वाद झाला तर कोर्ट साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देते. म्हणून आकडा जुळला की काम झालं समजणारे मला आवडत नाहीत.

आता ते "२४॥". जुन्या लिखाणात एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. नवीन पोरांना हे माहीत नाही, त्यांना ते ११ दिसते आणि ते बिनधास्त २४ फूट ११ इंच टाइप करतात. दुसरे त्याहून शहाणे, साडेचोवीस म्हणजे २४ फूट ६ इंच हे बरोबर ओळखतात आणि मग २४.६ लिहितात. अरे, इंच बारा असतात, सहा इंच म्हणजे .५. इथं मात्र गुणाकार उपयोगी पडते. ४१ ला २४.५ नं गुणलं तर १००४.५, दस्तातला "१००४॥" बरोबर जुळते. २४.६ नं १००८.६ येते, आणि ११ इंच धरले तर १०२१ च्या वर जाते. न जुळल्यास आपलं वाचन आधी तपासा, १ चा ९ झाला का, ४ चा ५ झाला का. तरीही नाही जुळलं तर दस्तातच चूक असू शकते, तेव्हा ती तशीच टाइप करायची आणि चौकटी कंसात [मूळात असेच] लिहायचं. दुरुस्त करायचा हक्क आपला नाही, वकिलाला दाखवा. मी "॥" तसाच ठेवतो आणि पुढे चौकटी कंसात [साडेचोवीस] लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की कंसातलं माझं आहे.

चारी बाजूंची मापं वेगवेगळी दिली असतील तर चारी वेगवेगळी ठेवा, सरासरी काढू नका. वाकड्या जागेचं क्षेत्रफळ नुसत्या चार बाजूंवरून ठरतच नाही, कर्ण लागतो.

शहराबाहेरच्या शेतीच्या दस्तात अजून एक खड्डा आहे. मौजा, खसरा नंबर, प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, आणि पुढे "२.४० एकर". आपल्याकडे जुन्या मध्य प्रांताच्या पद्धतीनं हे दशांश आहेत, म्हणजे एकराचे शंभर भाग, त्यातले ४०. पश्चिम महाराष्ट्रात गुंठ्यात काम केलेला माणूस त्याला २ एकर ४० गुंठे करतो, जे होतात सरळ ३ एकर. चाळीस गुंठ्यांचाच एकर असते, म्हणून ४० गुंठे असं कोणी लिहिणारच नाही, एवढं तरी सुचायला पाहिजे. हेक्टरमध्ये ते ०.९७ च्या आसपास येते, पण ते रूपांतर टाइप कॉपीत नको, वेगळ्या कागदावर करा.

बाकी किरकोळ. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे हिंदी दस्त भरपूर सापडतात, तिथं "पूरब, पच्छिम, दक्खन" असेल तर तेच टाइप करा. "कोष्ट्याचे घर" तिथं आज अपार्टमेंट उभी असली तरी कोष्ट्याचंच राहू द्या. ओळीच्या वर बारीक अक्षरात घुसवलेला शब्द असेल तर [ओळीवर लिहिलेले], खोडलेला वाचता आला तर [खोडलेले: अमुक], आणि शेजारी सही आहे की नाही तेही लिहा, कारण सहीशिवायच्या खाडाखोडीवरून पुढे प्रश्न निघतात. वाचता येत नसेल तर [अस्पष्ट], आणि किती अक्षरं अस्पष्ट आहेत तेही. जागा मोकळी सोडू नका, दुसरा कोणीतरी ती भरतो.

शेवटी वाचून घ्यायचं असते तेव्हा टाइप केलेलं दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावा आणि मूळ आपण धरा. आकडे "दोन, चार, अर्धा" असे सुटे वाचायचे, आणि प्रत्येक मापाबरोबर दिशा पुन्हा म्हणायची. वाचणारा कंटाळला आणि "पुढे सेमच आहे" म्हणाला, तर तिथूनच परत सुरू करायला लावा.