ट्रेनिंग बॉन्ड मोडून जॉब सोडताय? आधी या चुका टाळा

ऐरोली, महापेकडच्या बऱ्याच कंपन्या फ्रेशर्सकडून बॉन्ड लिहून घेतात, दोन वर्षांच्या आत सोडलं तर दीड लाख भरा वगैरे. मग दुसरी ऑफर आली की एकतर माणूस घाबरून उसने पैसे काढून सगळी रक्कम भरतो, नाहीतर कोणीतरी सांगतं "अरे बॉन्ड कोर्टात टिकतच नाही" आणि हा राजीनामा टाकून फोन बंद करून बसतो. दोन्ही चूकच.

टिकत नाही हे साफ खोटं. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांआधी सोडल्याबद्दलचे 2 लाख योग्यच ठरवले. पण तिथे बँक सरकारी, जाहिरात देऊन सगळी भरती परत करायची, आणि अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने रक्कम डोईजड नाही, हे सगळं बघितलं होतं. तुमच्या कंपनीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

खरी मेख करार कायद्याच्या कलम 74 मध्ये आहे. बॉन्डमधला आकडा ही फक्त वरची मर्यादा, त्याच्या आत जेवढी भरपाई वाजवी तेवढीच कोर्ट देतं. दिल्ली हायकोर्टात 2011 ला सिक्पा इंडियाची केस झाली, बॉन्ड 2 लाखांचा होता, पण ट्रेनिंगचा खर्च निघाला साधारण साडेसदुसष्ट हजार, आणि तीनपैकी दोन वर्षं नोकरी झालेली, म्हणून कंपनीला उरलेल्या एका वर्षाचे 22,532 रुपयेच मिळाले.

आता तुमचा हिशोब करा. समजा बाहेरच्या इन्स्टिट्यूटला कंपनीने तुमच्यासाठी 40 हजार दिले, बॉन्ड 24 महिन्यांचा आणि तुम्ही 15 महिन्यांनी निघालात, म्हणजे उरले 9, याच पद्धतीने आले 15 हजार. दीड लाख कुठे नि हे कुठे! आणि ट्रेनिंग म्हणजे टीम लीडने शेजारी बसवून दाखवलेलं रोजचंच काम असेल तर खर्च दाखवताना कंपनीचीच दमछाक होते.

म्हणून लॅपटॉप परत करायच्या आधी ट्रेनिंगचं शेड्युल, कोणी शिकवलं आणि क्लायंटचं काम कधीपासून करायला लागलात हे तारखांसकट लिहून ठेवा, ऑफिसचा मेल बंद झाला की काही हाताला लागत नाही. कंपनीच्या गुप्त फाइल्स मात्र उचलू नका, नसती बिलामत.

राजीनाम्यात "बॉन्डची रक्कम भरायला तयार आहे" असं चुकूनही लिहू नका, उद्या तोच मेल तुमच्याविरुद्ध पुढे येतो. त्याऐवजी खर्चाची बिलं मागा, तीही लेखी.

जॉइन होताना सही करून कोरा चेक दिला असेल तर जास्त सांभाळा. तो बाउन्स झाल्याची नोटीस आली की पैसे भरायला 15 दिवसच असतात, आणि ती कपाटात टाकून दिली तर पुढे फौजदारी केस होऊ शकते, तेव्हा एवढी रक्कम देणं लागतच नाही हे वकिलाकडून त्याच मुदतीत लेखी कळवा.